काळ्या दगडाखालचा खंड

जालन्याच्या पूर्व अंगाला, कुंडलिकेच्या बाजूला असलेला मस्तगड 1725 साली उभा राहिला. निजाम-उल-मुल्क आसफजाहाच्या हुकमावरून काबिलखानाने तो बांधला, आणि आतल्या फारसी लेखामुळे त्याच्या वयाबद्दल वाद घालायला फारशी जागा उरलेली नाही. पण ज्या दगडाने तो बांधला त्या दगडाचे वय विचारले, तर गोष्ट एकदम अवघड होते. इमारतीला शिलालेख असतो, दगडाला नसतो. त्यातही हा आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, स्वतःच्या वयाबद्दल फार मुका आहे. हे पुस्तक झिरकॉन नावाच्या खनिजाबद्दल आहे आणि ज्या जिल्ह्यात त्याचा कण शोधूनही सापडणार नाही त्या जिल्ह्यातून मी त्याची प्रस्तावना सुरू करतो आहे, त्याचे कारण हेच. झिरकॉन कुठे नसतो आणि का नसतो हे समजले, की तो कुठे असतो आणि काय सांगतो हे अर्धे समजले.

झिरकॉन म्हणजे झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक. सूत्र साधे आहे: ZrSiO₄. सराफाकडे 'अमेरिकन डायमंड' म्हणून जो खडा मिळतो तो हा नव्हे. तो कारखान्यात बनवलेला झिर्कोनियम ऑक्साइड असतो आणि त्याला काही वय-बिय नसते. खरा झिरकॉन बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, दोन्ही टोकांना निमुळता असतो. ग्रॅनाइटसारख्या फिकट, वाळूच्या घटकाने म्हणजे सिलिकाने समृद्ध अशा खडकात तो सर्रास सापडतो. बेसाल्टमध्ये मात्र तो बनतच नाही म्हटले तरी चालेल. झिर्कोनियम बेसाल्टमध्येही असते. पण बेसाल्टचा रस खूप गरम आणि सिलिकाने गरीब असतो, आणि असा रस झिर्कोनियम सहज विरघळवून ठेवतो. स्फटिक पडायला जेवढी दाटी लागते तेवढी होतच नाही, आणि शेवटी ते झिर्कोनियम इतर खनिजांत विखरून जाते. एवढेच नाही, तर वर येणाऱ्या लाव्ह्यात वाटेतल्या एखाद्या जुन्या खडकाचा झिरकॉन सुटून पडला, तर तोही विरघळतो. ज्या रसाने मराठवाडा घडवला त्याने वाटेतले दाखलेही पुसले.

मग सह्याद्रीच्या आणि मराठवाड्याच्या काळ्या दगडाचे वय सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपास आहे, हे कळले कसे? एक वाट बेसाल्टमधल्या फेल्स्पारच्या पोटातला अर्गॉन वायू मोजण्याची. दुसरी वाट झिरकॉनचीच, पण आडून. विहीर खणताना दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेसारखा लाल पट्टा लागतो, ज्याला खणणारे गेरू म्हणतात. दोन उद्रेकांच्या मधल्या विसाव्यात साचलेला आणि कुजलेला तो थर. अशा काही लाल थरांत दुसरीकडच्या, सिलिकाने समृद्ध ज्वालामुखींची राख येऊन पडली होती आणि त्या राखेत झिरकॉन होते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या अशा थरांमधले कण मोजून 2015 मध्ये मांडले, की दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य भाग साडेसात लाख वर्षांच्या आत ओतला गेला. हा हिशेब लाव्ह्याने दिलेला नाही, लाव्ह्यांच्या मध्ये अडकलेल्या परक्या राखेने दिला आहे.

पण सहा-साडेसहा कोटी वर्षे ही या पुस्तकाच्या दृष्टीने कालपरवाची गोष्ट. पुस्तकाचा विषय काळ्या दगडाच्या खाली आहे.

मराठवाड्यात बोअरची गाडी लागली की तासातासाला बातमी येते, "काळा दगडच चालू आहे." पाचशे फूट, आठशे फूट, तरी काळा दगडच. त्यामुळे हा दगड तळापर्यंत असाच गेला असावा असे वाटते. तसे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला जे छिद्र खणले गेले, त्यात 338 मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांवर, बेसाल्ट आणि त्याखालचा गाळाचा पातळ थर संपला आणि पूर्ण वेगळा, स्फटिकमय, कितीतरी जुना खडक लागला. कोयनेच्या परिसरात, जिथे 11 डिसेंबर 1967 चा भूकंप झाला, तिथे रासाटीच्या छिद्रात हाच बदल 932 मीटरवर दिसला, आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल गेलेल्या छिद्रात 1247 मीटरवर. धुळे-नंदुरबारकडे तर खणावेही लागले नाही. तिथल्या राजमाने आणि तळवाडे येथील डाइकांनी, म्हणजे उभ्या भेगांत घुसून थिजलेल्या बेसाल्टच्या भिंतींनी, खालच्या खडकाचे तुकडे वर येताना सोबत आणले आहेत. त्या तुकड्यांत ग्रॅनाइट आहे, पट्टेदार नाइस आहे, गारगोटीसारखा क्वार्टझाइटही आहे. म्हणजे खालची जमीन एकजिनसी नाही, तिलाही तिचे प्रदेश आहेत. आणि नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीच्या बाजूला गेलात, तर काळ्या दगडाची कड संपते आणि तोच जुना ग्रॅनाइट उघड्यावर येतो. जालन्याहून निघालेल्या माणसाने तिथे उतरून एकदा तो गुलाबी-करडा, जाड दाण्याचा दगड हातात घ्यावा.

हाच खंड. समुद्राचा तळ बेसाल्टचा असतो. तो जड असल्यामुळे काही कोटी वर्षांत पुन्हा पृथ्वीच्या पोटात खेचला जातो, आणि आज महासागरात वीस कोटी वर्षांहून फार जुना तळ सापडत नाही. खंडाचा गाभा ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकाचा असतो, तो बुडत नाही, म्हणून जुने वय खंडावरच शोधावे लागते. दख्खनचा बेसाल्ट हा त्या गाभ्यावर नंतर ओतलेला थर आहे. आणि गाभ्याचा खडक ग्रॅनाइटी असल्यामुळे त्यात झिरकॉन आहे.

कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी काढलेले खडकाचे गाभे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या वाय. जे. भास्कर राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि 2017 मध्ये त्यातल्या झिरकॉनची वये प्रसिद्ध केली. ती सुमारे 270 कोटी वर्षे निघाली, पाच-सहा कोटींच्या कमीअधिक मर्यादेत. सहा कोटींचा दगड आणि त्याच्याखाली लगेच 270 कोटींचा. रासाटीच्या गाभ्यात या दोहोंच्या मध्ये गाळाचा थरसुद्धा नाही. मधल्या 263 कोटी वर्षांचे तिथे काहीच उरलेले नाही. जे साचले असेल ते लाव्हा येण्याआधीच झिजून वाहून गेले. सह्याद्रीचे वय काय, या प्रश्नाला पाठ्यपुस्तक एक आकडा देते. माझ्या मते निदान दोन तरी द्यायला हवेत.

हे 270 कोटी कसे वाचतात, ते सावकाश पाहू, कारण पुढची सगळी प्रकरणे याच वाचनावर उभी आहेत.

आधी कण मिळवायचा. काही किलो खडक फोडून, दळून, चाळून वाळू करतात. सराफकट्ट्याच्या गटारातली माती धुऊन झारेकरी सोन्याचा कण काढतो, त्याच न्यायाने ही वाळू हलत्या तिरप्या टेबलावर पाण्याने धुतात. झिरकॉनची घनता पाण्याच्या साडेचार पटींहून अधिक, तर क्वार्टझ आणि फेल्स्पारची अडीच पटींच्या आसपास, त्यामुळे हलके वाहून जाते आणि जड मागे राहते. मग चुंबकाने लोखंडी खनिजे काढतात. उरलेले मिथिलीन आयोडाइडसारख्या जड द्रवात टाकतात. द्रवाची घनता 3.3, त्यात झिरकॉन बुडतो. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक कण निवडायचा, रेझिनच्या चकतीत बसवायचा आणि अर्धा झिजेपर्यंत घासायचा, म्हणजे पोट उघडे पडते. यात सगळ्यात मोठा धोका पाटा-वरवंट्याचा, म्हणजे दळणयंत्राचा. आधीच्या नमुन्याचा एक कण जबड्यात अडकून राहिला, तर तुमच्या ग्रॅनाइटमध्ये दुसऱ्याच डोंगराचे वय उगवते. म्हणून दोन नमुन्यांच्या मध्ये यंत्र खोलून घासावे लागते आणि एकट्यादुकट्या विचित्र वयाकडे पहिल्यांदा संशयानेच पाहावे लागते.

आता घड्याळ. रसातून झिरकॉन बनत असताना झिर्कोनियमच्या जागी युरेनियमचा अणू बसू शकतो. आकार थोडा मोठा, पण विद्युतभार तोच. शिशाचा अणू मात्र आकारानेही मोठा आणि भारानेही वेगळा, त्याला ही जाळी जवळजवळ आत घेत नाही. म्हणून जन्माच्या वेळी कणात युरेनियम असते आणि शिसे नसल्यात जमा असते. पुढे युरेनियम ठरलेल्या वेगाने मोडत शिसे होते. आज कणात जे शिसे सापडते ते तिथेच, त्या जागी तयार झालेले. याच कारणाने हा कण काळाची कुपी ठरतो: आत काय होते ते ठाऊक, बाहेरून काही येत नाही, आणि 900 अंश सेल्सियसच्या आसपास तापला तरी आतले शिसे सहजी बाहेर सरकत नाही.

पण फक्त एवढेच असते, तर झिरकॉनवर इतका विश्वास टाकता आला नसता. कुपीला बारीकशी चीर गेली आणि थोडे शिसे निसटले, तर वय कमी दिसेल आणि ते कमी आहे हे कळायलाही मार्ग नसेल. झिरकॉनचे बळ असे, की त्यात दोन घड्याळे आहेत. युरेनियम-238 मोडून शिसे-206 होते. निम्मे मोडायला 447 कोटी वर्षे लागतात. युरेनियम-235 मोडून शिसे-207 होते. त्याला फक्त 70 कोटी वर्षे. दोन्ही जोड्या एकाच कणात, एकाच क्षणी सुरू झालेल्या, पण वेग वेगळे.

270 कोटी वर्षांचा, काहीही न गमावलेला एक कण घेऊ. हिशेब केला तर त्यात उरलेल्या युरेनियम-238 च्या दर शंभर अणूंमागे शिसे-206 चे 52 अणू असायला हवेत, आणि युरेनियम-235 च्या दर एका अणूमागे शिसे-207 चे 13.3. पहिल्या गुणोत्तरावरून 270 कोटी येतात, दुसऱ्यावरूनही 270 कोटी. दोन साक्षीदार एकच सांगतात. याला 'सुसंगत' वय म्हणतात.

आता समजा, याच कणातले वीस टक्के शिसे अगदी अलीकडे, पाणी झिरपल्यामुळे, निघून गेले. शंभरमागे 52 च्या जागी 41.6 उरले, त्यावरून वय निघते 224 कोटी. तेरा पूर्णांक तीनच्या जागी 10.6 उरले; त्यावरून निघते 249 कोटी. दोन घड्याळे जुळत नाहीत, आणि न जुळणे हाच इशारा की इथे काहीतरी निसटले आहे. पुढची गोष्ट अधिक सुंदर आहे. शिसे निघून जाते तेव्हा ते 206 आहे की 207, हे पाणी पाहत नाही. दोन्ही सारख्याच प्रमाणात जातात. म्हणून शिसे-207 भागिले शिसे-206 हे गुणोत्तर मुळात 0.185 होते आणि गळतीनंतरही 0.185 च राहते. त्या एका गुणोत्तरावरून वय काढले की पुन्हा 270 कोटी. कणाने वीस टक्के पुरावा गमावला, तरी जन्मतारीख शाबूत. 1956 मध्ये जॉर्ज वेदरिल यांनी ही दोन घड्याळे एका आलेखावर मांडण्याची रीत दिली. जुळलेली वये एका वक्र रेषेवर पडतात, शिसे गमावलेले कण तिच्या खाली एका सरळ रेषेत उतरतात, आणि ती सरळ रेषा मागे वाढवली की वक्राला जन्माच्या वयापाशी छेदते. आजही प्रत्येक शोधनिबंधात हा आलेख असतोच; वाचकाने आधी तो पाहावा, मग शीर्षक.

हे सगळे अलीकडच्या गळतीला लागू आहे. शिसे जर शंभर-दोनशे कोटी वर्षांपूर्वी एखाद्या तापण्यात गेले असेल, तर त्यानंतर घड्याळे अर्धवट भरलेल्या अवस्थेतून पुढे चालतात, आणि 207-206 चे वयही खऱ्यापेक्षा कमी येते. तेव्हा तो आकडा 'निदान इतके' असा वाचायचा.

शिसे का गळते? कारण युरेनियमच आपले घर मोडते. प्रत्येक विघटनात अणू मागे धक्का खातो आणि जाळीतला एक छोटा भाग विस्कटतो. युरेनियम जास्त असलेला कण कोट्यवधी वर्षांत काचेसारखा विसविशीत होतो, फुगतो, तडकतो, आणि त्या तड्यांतून पाणी शिरते. ज्या कणात मोजायला सर्वांत जास्त माल असतो, तोच सर्वांत कमी भरवशाचा ठरतो, ही या खनिजाची खोड. जेम्स मॅटिन्सन यांनी 2005 मध्ये यावर सुचवलेला उपाय आज मान्य झाला आहे: कण आधी भट्टीत 900 अंशांवर दोनेक दिवस ठेवायचे, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात काही तास शिजवायचे. विस्कटलेला भाग विरघळून जातो, धड राहिलेला भाग उरतो, आणि मोजमाप त्याचेच करायचे. सह्याद्रीच्या लाल थरांतल्या कणांचा काही दहा हजार वर्षांपर्यंत उतरणारा हिशेब अशाच पद्धतीतून शक्य होतो.

दुसरी अडचण बाहेरच्या शिशाची. साधारण आकाराच्या कणात युरेनियम असते सुमारे एक नॅनोग्रॅम. सहा-साडेसहा कोटी वर्षांत त्यातून तयार झालेले शिसे भरते आठेक पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. खोलीतल्या धुळीत, हातावर, नळाच्या पाण्यात याहून कितीतरी जास्त शिसे असते. 1940 च्या दशकाच्या शेवटी शिकागोत जॉर्ज टिल्टन झिरकॉनमधले युरेनियम मोजत होते आणि क्लेअर पॅटरसन शिसे. टिल्टनचे आकडे जुळत, पॅटरसनचे शिसे नेहमी अतोनात जास्त येई. ते कणातले नव्हतेच, प्रयोगशाळेतले होते. ते हाकलण्यात पॅटरसनची काही वर्षे गेली. त्यातून स्वच्छ प्रयोगशाळेची शिस्त जन्मली, 1956 मध्ये उल्कांवरून पृथ्वीचे 455 कोटींचे वय निघाले आणि पेट्रोलमधल्या शिशाविरुद्धची त्यांची पुढची लढाईही उभी राहिली. आज बाहेरचे शिसे ओळखायला शिसे-204 मोजतात. ते कुठल्याच विघटनातून तयार होत नाही, म्हणून कणात ते दिसले की तेवढे शिसे उपरे, आणि त्या मापाने वजाबाकी करायची.

तिसरी अडचण सर्वांत फसवी, आणि तीच आपल्याला पृथ्वीच्या अगदी जुन्या काळाकडे नेते. झिरकॉन एकदाच वाढतो असे नाही. जुना कण नव्या ग्रॅनाइटच्या रसात पडला आणि तो रस झिर्कोनियमने भरलेला असला, तर कण विरघळत नाही, उलट त्यावर नवा थर चढतो. आतला गाभा एका काळाचा, बाहेरची कड दुसऱ्या काळाची. अख्खा कण विरघळवून मोजला, तर दोन्हींच्या मधले, कधीच न घडलेल्या घटनेचे वय मिळते. म्हणून अर्ध्यावर घासलेल्या कणावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून त्याची चमक पाहतात. त्या चित्रात वाढीच्या पट्ट्या आणि गाभ्याची सीमा उघड दिसते. मग वीस-तीस मायक्रॉनच्या ठिपक्यावरच आयनांचा किंवा लेसरचा मारा करून तेवढ्याच भागाचे वय काढतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत विल्यम कॉम्प्स्टन यांच्या गटाने 1980 च्या सुमारास 'श्रिंप' नावाचे यंत्र उभारले, तेव्हापासून हे शक्य झाले. अचूकता विरघळवण्याच्या पद्धतीपेक्षा कमी, पण आपण कशाचे वय मोजतो आहोत हे ठाऊक असते. दोहोंत निवड करायची झाली, तर जुन्या, अनेकदा तापलेल्या खडकांसाठी मी डोळे झाकून दुसरे निवडेन.

याच यंत्राच्या ठिपक्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्सचे ते प्रसिद्ध कण दाखवले. तिथला गोट्यांचा खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा, पण त्यातली वाळू कुठल्यातरी नाहीशा झालेल्या डोंगरांची. त्या वाळूतल्या एका झिरकॉनच्या एका भागाचे वय सायमन वाइल्ड, जॉन व्हॅली आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 440 कोटी वर्षे सांगितले. पृथ्वीवर आजवर मोजलेला हा सर्वांत जुना तुकडा. ज्या खडकात तो बनला तो कुठेच उरलेला नाही. सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा अख्खा खडक, कॅनडातला अकास्ता नाइस, 403 कोटींचा आहे. शंका अशी घेतली गेली, की इतक्या जुन्या कणात शिसे आतल्या आत सरकून एखाद्या ठिकाणी साठले असेल, आणि नेमका ठिपका तिथे पडला तर वय फुगेल. व्हॅली यांच्या गटाने 2014 मध्ये तशाच एका जुन्या कणातले अणू एकेक करून मोजले. शिशाचे पुंजके होते खरे, पण काही नॅनोमीटरांचे. वीस मायक्रॉनच्या ठिपक्याच्या मानाने नगण्य. 437 कोटींचे वय टिकले.

भारतात हा मान ओडिशाच्या केओंझर जिल्ह्यातल्या चंपुआचा. सिंहभूमच्या जुन्या खंडगाभ्यातला तिथला करडा नाइस सुमारे 340 कोटी वर्षांचा. त्रिस्रोता चौधुरी, रजत मजुमदार आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी 2018 मध्ये त्या खडकात त्याहून कितीतरी जुने, गिळलेले झिरकॉन सापडल्याचे मांडले. त्यांतले सर्वांत जुने 424 कोटी वर्षांचे. 424 कोटींच्या कणात शिसे-207 आणि शिसे-206 यांचे गुणोत्तर जवळजवळ नेमके अर्धे असते, कोयनेच्या कणाच्या पावणेतीन पट. त्याच वर्षी एका वेगळ्या गटाने ओडिशातल्या वैतरणी नदीच्या आजच्या वाळूतून 400 कोटींचा एक कण काढला. हा दुसरा शोध मला अधिक मोलाचा वाटतो, कारण दोन गट, दोन प्रकारचे नमुने आणि उत्तर एकाच दिशेचे. पहिल्या शोधानंतर 424 कोटी वर्षांचा खडक सापडल्याच्या बातम्या फिरल्या, त्या चुकीच्या होत्या. खडक 340 कोटींचाच. जुने आहेत ते त्याच्या पोटातले पाहुणे.

कुंडलिकेच्या वाळूत असा शोध लागणार नाही. तिचे सारे पाणलोट क्षेत्र बेसाल्टचे. तिच्या पात्रात मॅग्नेटाइटची काळी रेघ सापडेल, ऑजाइट सापडेल. कुंडलिका दुधनेला, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते, आणि गोदावरीची वाळूही नांदेडच्या पुढे जुना ग्रॅनाइट ओलांडेपर्यंत झिरकॉनच्या दृष्टीने गरीबच. पुढे प्राणहिता गडचिरोलीच्या बाजूने बस्तरच्या खंडगाभ्याचा माल आणून टाकते, आणि त्या गाभ्यात छत्तीसगडमध्ये साडेतीनशे कोटी वर्षांहून जुने झिरकॉन मोजले गेले आहेत. एकाच नदीची वाळू वरच्या अंगाला मुकी आणि खालच्या अंगाला बोलकी.

मात्र 424 कोटींच्या कणाने नेमके काय सिद्ध होते, यावर या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात बरेच आहे, म्हणून इथे थोडक्यात. झिरकॉनचे वय म्हणजे तो ज्या रसातून बनला त्या रसाच्या थिजण्याचे वय. तो रस ग्रॅनाइटी होता का, त्याचा खंड केवढा होता, याचे उत्तर वयात नसते. बेसाल्टच्या मोठ्या साठ्यातला शेवटचा उरलेला थेंबभर रसही कधी झिरकॉन देण्याइतका दाट होतो. आइसलँडमध्ये आजही असे घडते, आणि आइसलँडला कोणी खंड म्हणत नाही. म्हणून वयाच्या जोडीला त्याच कणातला ऑक्सिजन पाहतात. रसाच्या कच्च्या मालाने पूर्वी कधी पृष्ठभागावरच्या थंड पाण्याशी संबंध ठेवला असेल, तर ऑक्सिजन-18 किंचित वाढलेला दिसतो. जॅक हिल्सच्या काही कणांत तो तसा दिसला, आणि त्यावरूनच 430 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर पाणी होते असे म्हटले जाते. दुसरा साक्षीदार हाफ्नियम. झिरकॉनमध्ये ते शेकड्यात एक इतके असते, आणि ज्यापासून हाफ्नियम-176 तयार होते ते ल्युटेशियम मात्र अत्यल्प. त्यामुळे जन्मवेळचे हाफ्नियमचे प्रमाण कणात गोठून राहते. हाफ्नियमच्या मानाने कवचात ल्युटेशियम कमी, खालच्या मॅन्टलमध्ये जास्त; म्हणून जो कच्चा माल मॅन्टलपासून तुटून बराच काळ वेगळा पडलेला असतो, त्यात हाफ्नियम-176 मागे पडलेले दिसते.

चंपुआच्या कणांत ते मागे पडलेले आहे. म्हणजे 424 कोटी वर्षांपूर्वीचा तो रस ताज्या मॅन्टलमधून सरळ आलेला नाही. त्याचा कच्चा माल त्याच्याही आधी वेगळा झाला होता. इथवर आकडे बोलतात. तो कच्चा माल म्हणजे पहिल्या खंडाचा तुकडा, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. पण शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी तसे म्हटले नाही. शीर्षकातच त्यांनी मॅन्टलमधल्या, काही मूलद्रव्यांनी समृद्ध झालेल्या साठ्याची गोष्ट केली आहे, खंडाची नाही. हाफ्नियमचे तेच प्रमाण दोन्ही वाटांनी येऊ शकते, आणि हातात आहेत ते मोजके कण.

कोयनेचा 270 कोटींचा दाखला त्या मानाने विनम्र आहे, पण त्यात ही अडचण नाही. तिथे झिरकॉन ज्या ग्रॅनाइटी खडकाचा, तो खडकच गाभ्याच्या पेटीत समोर ठेवलेला आहे. कण आणि त्याचे घर दोन्ही हातात असताना खंडाबद्दल बोलणे, आणि घर नाहीसे झालेल्या एका कणावरून बोलणे, यांत किती अंतर आहे, ते पुढच्या प्रकरणांत एकेक ठिकाण घेऊन मोजले आहे. सुरुवात देगलूरच्या ग्रॅनाइटपासून केली आहे, कारण तो पाहायला बसचे तिकीट पुरते.